नाव आपलं, फोटो आपले, पैसे भलत्याच्या खात्यात

इन्स्टाग्रामवर साड्या, दागिने, मसाले किंवा हातानं बनवलेल्या वस्तू विकणाऱ्या कुणालाही एखाद्या सकाळी असा मेसेज येऊ शकतो : "ताई, परवा पैसे पाठवले, अजून कुरिअरचा नंबर आला नाही." ऑर्डरची वही उघडावी, तर त्या नावाची नोंदच नसते. खात्यातही पैसे आलेले नसतात. मग ग्राहक स्क्रीनशॉट पाठवते. आपलाच लोगो, आपलेच फोटो, आपलंच नाव. फक्त नावात एक जादा टिंब किंवा शेवटी "official" हा शब्द. पैसे गेलेले असतात तिसऱ्याच माणसाच्या खात्यात.

अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सगळ्या ओळखीच्यांना ते खातं "रिपोर्ट करा" असं सांगतात आणि वाट पाहत बसतात. त्यात वेळ जातो, कारण इथे एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. ग्राहकाचे पैसे गेलेले असतात, खोटं खातं अजून चालू असतं आणि आपलं नाव कुणीतरी वापरलेलं असतं. या तिन्हींची दाद वेगवेगळ्या दारांत मागावी लागते. पैशांचं दार काही तासांत बंद होतं, खात्याचं काही दिवसांत उघडतं आणि नावाचं काम महिनोन्‌महिने चालतं. कोणतं दार आधी ठोठवायचं, हे कळलं तर निम्मी लढाई सोपी होते.

नीट समजावं म्हणून एक नमुना घेऊ. पुण्यात दोघी जावा मिळून इरकल साड्यांचा घरगुती ब्रँड चालवतात असं समजा. विणकरांकडून माल आणायचा, गॅलरीतल्या उजेडात मोबाइलवर फोटो काढायचे, इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्यायची. साडीची किंमत ३,८०० रुपये. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कुणीतरी त्यांचे चाळीस फोटो उचलून नवं खातं उघडतं. तीच साडी तिथे "दिवाळी सेल, फक्त आज" म्हणून १,८९९ रुपयांना दिसते. खोटं खातं सुरू झाल्याबरोबर पहिलं काम करतं ते खऱ्या ब्रँडला ब्लॉक करण्याचं. म्हणून या दोघींना ते दिसतच नाही. मग ते त्यांच्या फॉलोअरच्या यादीतून एकेकीला मेसेज पाठवू लागतं. पोस्टवरच्या कमेंट बंद ठेवलेल्या असतात, म्हणजे फसलेली बाई तिथे काही लिहू शकत नाही.

नाशिकची एक ग्राहक रात्री पावणेदहाला १,८९९ रुपये यूपीआयनं भरते. भरताना पडद्यावर ब्रँडचं नाव न दिसता एका पुरुषाचं नाव दिसतं. ती विचारते, तर उत्तर येतं, "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." थोड्या वेळानं दुसरा मेसेज येतो : पार्सल अडकलं आहे, १,५०० रुपये अनामत भरा, साडी पोचली की परत मिळतील. तेही ती भरते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खोटं खातं तिला ब्लॉक करतं आणि मग ती शोधत शोधत खऱ्या ब्रँडपर्यंत पोचते.

आधी पैसे

या दोघी जावांनी तिला पहिलं उत्तर काय द्यायचं? "हे खातं आमचं नाही" हे तर सांगायचंच, पण त्याच वाक्यात हेही सांगायचं, "आत्ता लगेच १९३० ला फोन करा." १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा हेल्पलाइन क्रमांक आहे. हा फोन ज्यांचे पैसे गेले त्यांनीच करायचा असतो, कारण व्यवहार त्यांच्या खात्यातून झालेला असतो. ब्रँडच्या मालकिणींनी कितीही धावपळ केली तरी हे काम ग्राहकाच्या वतीनं त्या करू शकत नाहीत. त्या एवढंच करू शकतात, की ग्राहकाला वेळ न घालवता तिथपर्यंत पोचवायचं.

फोनवर विचारतात ते हाताशी ठेवलं तर दोन मिनिटांत काम होतं : स्वतःचा मोबाइल क्रमांक, कोणत्या बँकेतून पैसे गेले, किती गेले, कधी गेले आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. आपल्या नमुन्यातल्या ग्राहकानं दोनदा पैसे भरले आहेत, म्हणून दोन्ही व्यवहारांचे क्रमांक वेगवेगळे सांगायचे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते. रक्कम अजून त्या खात्यात असेल तर बँक ती तिथेच रोखून धरते. ती पुढच्या खात्यात गेली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. ही साखळी पैशांमागे धावत असते आणि ठग दर काही मिनिटांनी पैसे पुढे ढकलत असतो. रात्री दहाला गेलेल्या पैशांचा फोन सकाळी अकराला झाला, तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. तरीही फोन करावाच, कारण नोंद असेल तरच ते खातं गोठतं आणि पुढच्या बाईचे पैसे वाचू शकतात. फोननंतर तीच तक्रार `cybercrime.gov.in` या पोर्टलवर पूर्ण भरायची आणि मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवायचा.

ग्राहकाला एक कटू गोष्टही स्पष्ट सांगावी लागते. पैसे तिनं स्वतः पिन टाकून पाठवले असल्यामुळे, खात्यातून परस्पर पैसे गेल्यावर बँकेकडून जी भरपाई मागता येते, तिचा आधार इथे सहसा मिळत नाही. रक्कम रोखली गेली असली तरी ती आपोआप परत येत नाही. ती रीतसर प्रक्रियेतून सोडवून घ्यावी लागते. "पैसे परत मिळवून देतो" असं सांगणारा कुणी इन्स्टाग्रामवर भेटला, तर तो दुसरा ठग असतो.

मग खातं

खोटं खातं बंद पाडण्याआधी त्याचा पुरावा गोळा करायला हवा. घाईत रिपोर्ट केलं आणि ते खातं लगेच बंद झालं, तर आपल्याही हाती काही उरत नाही. ब्लॉक केलेलं असल्यामुळे हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून करावं लागतं. संपूर्ण प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, फसव्या जाहिराती, ग्राहकांशी झालेलं संभाषण, पैसे मागितलेला यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड, व्हॉट्सअॅप क्रमांक हे सगळं तारीख-वेळेसह जपायचं. प्रोफाइलवरच्या मेनूत "About this account" असा पर्याय दिसत असेल, तर ते खातं कधी उघडलं आणि कोणत्या देशातून चालतं तेही टिपून ठेवता येतं.

यात सर्वांत उपयोगी चीज म्हणजे प्रत्येक पोस्टची लिंक. ठग खात्याचं नाव रोज बदलू शकतो, मग प्रोफाइलची लिंक कोरी निघते. पोस्टची लिंक मात्र नाव बदललं तरी तीच राहते. म्हणून चोरलेल्या चाळीस फोटोंच्या चाळीस लिंका एका कागदावर आणि शेजारी आपल्या मूळ पोस्टच्या लिंका, अशी यादी तयार करायची. हाच कागद पुढे कंपनीला, पोलिसांना आणि वकिलालाही द्यायचा असतो. खोट्या पानाकडून पैसे देऊन जाहिराती चालवल्या जात असतील, तर त्या मेटाच्या `facebook.com/ads/library` या खुल्या संग्रहात कुणालाही शोधता येतात.

आता रिपोर्ट. इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही वापरायचे असतात. पहिला "हे खातं दुसऱ्याचं सोंग घेत आहे" असं सांगणारा. ही तक्रार ज्यांच्या नावाचं सोंग घेतलं त्यांनीच, म्हणजे ब्रँडनं स्वतः केली तर तिला वजन येतं. कंपनी कागद मागू शकते. त्यासाठी उद्यम नोंदणी, गुमास्ता परवाना किंवा जीएसटी प्रमाणपत्र कामी येतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, म्हणून ती आधीच करून ठेवलेली बरी. शेकडो फॉलोअरनी "स्पॅम" म्हणून केलेले रिपोर्ट मात्र बऱ्याचदा वाया जातात, कारण त्यात कुणाचं सोंग घेतलं हेच सांगितलेलं नसतं.

दुसरा रस्ता फोटोंच्या हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा. लहान ब्रँडच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार हेच, पण ते फार कमी जण वापरतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढल्याक्षणी त्याचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. फोटो आपण काढला असेल तर तो आपला. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसताना साधारणपणे तो पैसे देणाऱ्याचा. कॉपीराइटची तक्रार इन्स्टाग्रामच्या वेगळ्या अर्जावर करायची असते. त्यात चोरलेल्या प्रत्येक पोस्टची लिंक, मूळ फोटो कुठे आहे त्याची लिंक आणि "हे खरं आहे" असं आपल्या पूर्ण नावानिशी निवेदन द्यावं लागतं. प्रोफाइलची एक लिंक देऊन भागत नाही. एकदोन पोस्ट दाखवल्या, तर तेवढ्याच जातात आणि खातं चालू राहतं. चाळीसच्या चाळीस दाखवल्या, तर दुकानच रिकामं होतं आणि वारंवार उल्लंघन करणारं म्हणून खातंही बंद होऊ शकतं.

या अर्जाचे दोन धोके आहेत. अर्जात दिलेलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं. म्हणून घरचा ईमेल न देता धंद्याचा वेगळा ईमेल द्यायचा. दुसरा धोका आपल्याच दाव्याचा. अनेक छोटे विक्रेते घाऊक व्यापाऱ्यानं पाठवलेले कॅटलॉगचे फोटो वापरतात. ते फोटो आपले नसतात. त्यांच्यावर हक्क सांगणं म्हणजे खोटं निवेदन करणं, आणि ते उलटू शकतं. तक्रारीत फक्त स्वतः काढलेले फोटो घालायचे.

उलटण्याचा आणखी एक प्रकार आहे. कधी ठगच आधी तक्रार करतो, की मूळ ब्रँडनं माझे फोटो चोरले, आणि खरी पोस्ट उडते. अशा वेळी मूळ फाइल कामाला येते. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती दडलेली असते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते. म्हणून धंद्याचे मूळ फोटो, त्याच साडीचे न वापरलेले दोन-चार कोन, पदराचा जवळून घेतलेला फोटो, हे सगळं ड्राइव्हवर वेगळं ठेवायचं. चोराकडे एकच फोटो असतो. आपल्याकडे त्याच साडीचे मागचे-पुढचे सगळे असतात.

इतकं करूनही उत्तर आलं नाही तर? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी भारतात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि दुसऱ्याचं सोंग घेतल्याच्या तक्रारींना त्यात तातडीची मुदत आहे. त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. त्यानं नकार दिला तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, म्हणजे `gac.gov.in` वर, तीस दिवसांत अपील करता येतं. वकील लागत नाही, सगळं ऑनलाइन होतं.

पोलिसांत कशासाठी जायचं

खातं बंद झालं म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण ठग दुसऱ्या दिवशी नवं खातं उघडू शकतो. खात्यामागे कोण आहे, हे कंपनी आपल्याला सांगत नाही. ती माहिती पोलिसांनी मागितली तरच मिळते. म्हणून ग्राहकाच्या तक्रारीखेरीज ब्रँडचीही स्वतंत्र तक्रार हवी. ग्राहकाची तक्रार पैशांची, ब्रँडची तक्रार सोंग घेतल्याची. पोर्टलवर ती आर्थिक फसवणुकीत न टाकता इतर सायबर गुन्ह्यांच्या गटात नोंदवायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड, म्हणजे संगणकाच्या साधनानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, इथे थेट लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची ३१८ आणि तोतयेगिरीची ३१९ ही कलमंही लागतात.

ठाण्यात जाताना तोच कागद न्यायचा : लिंकांची यादी, यूपीआय आयडी, फोन क्रमांक आणि फसलेल्या ग्राहकांचे पोच क्रमांक. पाच ग्राहकांनी वेगवेगळ्या शहरांतून तक्रारी केल्या असतील, तर त्यांचे पोच क्रमांक एकत्र दिल्यानं हा एकाच टोळीचा उद्योग आहे हे दिसतं. एकेकट्या १,८९९ रुपयांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ शकतं, वीस एकत्र आल्या की प्रकरण वेगळं दिसतं. अपेक्षा मात्र वास्तवात ठेवायची. पैसे गेलेलं खातं बहुधा कुणा गरजूचं, थोड्या पैशांसाठी भाड्यानं दिलेलं असतं. पोलीस आधी त्याच्यापर्यंत पोचतात, खऱ्या सूत्रधारापर्यंत पोचणं अवघड असतं.

नाव कायमचं राखायचं तर

नोंदणी नसलेल्या नावालाही कायदा काही संरक्षण देतो, पण ते सिद्ध करायला न्यायालयात जावं लागतं. नोंदलेला ट्रेडमार्क असेल तर कंपन्यांचे ट्रेडमार्कचे अर्ज आणि ब्रँड जपण्याची साधनं आपल्याला खुली होतात. व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गासाठी सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. साड्या-कपड्यांसाठी सहसा पंचविसावा वर्ग निवडतात. अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी मोकळे ठेवलेले असतात, म्हणून वेळ लागतो. एकदा मिळालेली नोंदणी दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. अर्ज केल्यापासून नावापुढे ™ लावता येतं. ® मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच, आधी लावणं बेकायदेशीर आहे. अर्ज करण्याआधी नावाचा विचार करावा. "पुणे साडी हाऊस" अशा नुसत्या वर्णनाच्या नावाला नोंदणी मिळणं अवघड असतं. स्वतः घडवलेलं वेगळं नाव टिकतं.

ग्राहकाची सवय आपणच घडवतो

आता त्या रात्रीच्या एका क्षणाकडे पुन्हा पाहायला हवं. नाशिकच्या ग्राहकाला पैसे भरताना वेगळं नाव दिसलं होतं. खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पैसे पाठवण्याआधी दाखवावं, असा दंडक एनपीसीआयनं यूपीआय अॅपना घालून दिला आहे. फसवणूक तिथेच थांबू शकली असती. ती थांबली नाही, कारण छोट्या धंद्यांनीच ग्राहकांना वेगळं नाव पाहायची सवय लावली आहे. कुणी नवऱ्याच्या खात्यात पैसे घेतं, कुणी दिराच्या, कुणी महिन्यागणिक नंबर बदलतं. मग "अकाउंटंटचं खातं" ही थाप सहज खपते.

म्हणून सर्वांत परिणामकारक बचाव म्हणजे धंद्याच्या नावानं चालू खातं उघडणं आणि त्यावरून दुकानाच्या नावाचा क्यूआर घेणं. मग प्रोफाइलवर, पिन केलेल्या पोस्टमध्ये आणि प्रत्येक बिलावर एकच वाक्य लिहायचं : "पैसे भरताना पडद्यावर आमच्या ब्रँडचं हेच नाव दिसलं पाहिजे, दुसरं नाव दिसलं तर पैसे भरू नका, या नंबरवर फोन करा." खोट्या खात्याचा ठग फोटो, लोगो, नाव, दर, बोलण्याची लकब असं सगळं उचलू शकतो, पण आपल्या नावानं बँकेत खातं उघडणं त्याला फार अवघड जातं, कारण त्यासाठी धंद्याचे कागद लागतात. फसवणूक उघडकीला आल्यावरही स्टोरीत रागाचा लांबलचक मजकूर टाकण्याऐवजी हेच वाक्य आणि खोट्या खात्याचं नाव टाकावं. ठगाला मेसेज करून धमकावू नये, तो फक्त सावध होऊन नाव बदलतो.

फसलेल्या ग्राहकाचे पैसे भरून देणं कायद्यानं ब्रँडवर बंधनकारक नाही आणि तसं वचन कुणी भावनेच्या भरात देऊही नये. पण तिचा फोन उचलणं, १९३० चा क्रमांक पहिल्याच मिनिटाला देणं, आपल्या तक्रारीचा पोच क्रमांक तिला देणं आणि तिचा आपल्या यादीत जोडणं, एवढं आपल्या हातात नक्कीच आहे. ज्या ब्रँडनं फसलेल्या बाईला "आमचा काही संबंध नाही" म्हणून वाटेला लावलं, तिची पुढची साडी दुसरीकडून येणार. आणि ज्यांनी तिच्यासोबत तक्रार लढवली, त्यांचं नाव ती स्वतःच दहा जणींना नीट सांगणार, खरं खातं कोणतं आणि पैसे भरताना काय पाहायचं, यासकट.